शेवंताबाईंची दुसरी रास

शेवंताबाईंना कुणी बढाईखोर म्हटलं तर त्यांना राग यायचा नाही. "हाय की," म्हणायच्या, "ज्याच्यापाशी कायतरी हाय त्यानंच मारावी बढाई. रिकाम्यानं कशाला?" आणि त्यांच्यापाशी काय होतं, तर हात होता. निपाणीकडच्या एका गावात, तंबाखूच्या वखारीत तो हात तयार झाला होता. आई राशीवर बसायची, पोर आईच्या पदराशी. तंबाखूची रास लावली, वर गोणपाट टाकलं, की आत ऊब धरते आणि पान पिकतं. ती ऊब पोटातली की नुसती वरवरची, हे शेवंताबाई गोणपाटावरून हात फिरवून सांगायच्या. मोठ्या मोठ्या मुकादमांनी त्यांना विचारून राशी मोडल्या होत्या. असला हात घेऊन बाई शेवटी कुठं आली, तर दिल्लीत, जिथं तंबाखूची रास सोडाच, धड अंगणही नाही.

नवरा पांडू फौजेत. त्याच्या मागोमाग छावण्या फिरत फिरत संसार दिल्ली कँटोन्मेंटला आला, तिथून पेन्शन झाली आणि बिऱ्हाड मुनिरक्यात पडलं. एक खोली, वर विद्यार्थी, खाली विद्यार्थी, मध्ये हे नवराबायको. पांडूला करोल बागेतल्या एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी लागली. शेवंताबाईंना मात्र काही काम नव्हतं, आणि काम नसलं की त्यांचा सगळा जोर पांडूवर निघायचा. त्यामुळे त्यांना काम मिळावं ही इच्छा त्यांच्यापेक्षा पांडूलाच जास्त होती.

ते काम बँकेच्या पायऱ्यांवरच मिळालं. एक बाई मॅनेजरशी बोलून बाहेर आल्या आणि सोबतच्या माणसाला मराठीत म्हणाल्या, "पान सुकवणारं कुणी मिळेना, नुसती मशीन घेऊन काय करू?" पांडूनं बंदूक खांद्यावर सरळ केली आणि सॅल्यूट ठोकून म्हणाला, "बाईसाहेब, पान सुकवणारी आमच्या घरी हाय."

त्या अलकनंदाबाई. वडील केंद्र सरकारात, जन्म दिल्लीचा, रसायनशास्त्र शिकलेल्या, साबणाच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून आलेल्या. मेहरौलीच्या पुढं छतरपूरकडं त्यांनी पेरूची एक बाग भाड्यानं घेतली होती आणि पेरूंच्या सावलीत पचौली लावली होती. आपल्याकडं गजऱ्यात दवण्या-मरव्याबरोबर पाच घालतात ना, त्या पाचेचीच ही चुलतबहीण. हिच्या पानातून वाफेनं तेल काढतात आणि ते तेल अत्तरात, साबणात, उदबत्तीत जातं. अलकनंदाबाईंनी स्टीलचं भांडं मुद्दाम घडवून घेतलं होतं, कारण लोखंडाच्या भांड्यात हे तेल काळं पडतं. एवढी सगळी हुशारी केली आणि पहिली थोडी कापणी मे महिन्यात गच्चीवर उन्हात पसरली! दिल्लीची लू ती, भाजून काढणारा उन्हाळी वारा. दुपारपर्यंत पानाचा चुरा झाला, वास उडून गेला आणि तेल निघालं ते नावालाच.

शेवंताबाई पहिल्यांदा बागेत आल्या, ओलं पान तोडलं, चुरगळलं आणि नाकाशी नेलं. तोंड वाकडं केलं.

"ताई, ह्याला तर वासच न्हाई. नुसता गवताचा."

"तीच तर गंमत आहे, शेवंताबाई," अलकनंदाबाई म्हणाल्या. "तेल पानाच्या आत कोंडलेलं असतं. सावलीत सुकवलं, मग थोडं हीटमध्ये ठेवलं, की आतल्या भिंती फुटतात. मग वाफ आत शिरते आणि तेल बाहेर येतं."

"म्हंजे रास लावायची."

"रास म्हणजे?"

शेवंताबाईंनी अलकनंदाबाईंकडं असं पाहिलं, की या मुलीला कुणी वाढवलं? पण मनातून त्या सुखावल्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हाताचं काम विचारत होतं.

पुढच्या पावसाळ्यात बाग जोरात आली. नवरात्राच्या सुमाराला कापणी ठरली. आधी अर्धी बाग, मग उरलेली, कारण सुकवायची जागा थोडी. शेवंताबाईंनी छतरपुरातून, मेहरौलीतून जुन्या सुतळीच्या खाटा गोळा केल्या. खाटेवर पान पसरलं की वारा खालूनही लागतो आणि वरूनही. दव वाळल्यावरच कापायचं, शेडच्या सावलीत पातळ पसरायचं, पुन्हा पुन्हा हलवायचं. बागेतल्या कांता नावाच्या मुलीला त्या म्हणायच्या, "भाकरीसारखं उलटत ऱ्हा. एका अंगाला विसरलीस की करपली." पान वाळत गेलं तसा त्याला वास चढला. आधी गवत, मग ओल्या लाकडासारखा, मग काहीतरी खोल, जुन्या पेटीतला. पान चामड्यासारखं लवचीक झालं, तेव्हा त्यांनी रास लावली, गोणपाट टाकलं आणि मधूनमधून हात घालत राहिल्या. ऊब धरली तशी त्यांनी ती मोडली, पान पुन्हा खाटांवर घेतलं. अलकनंदाबाईंनी एक पान चुरगळलं आणि शेवंताबाईंचा हातच हातात घेतला. कौतुकाचं बोलणं या मुलीला फारसं यायचं नाही, पण तेवढं पुरे होतं.

ही पहिली रास. आता दुसरी सांगायची, आणि ती सांगणं मला जड जातं, कारण या बाईचा मला अभिमान आहे.

दुसरी अर्धी बाग कापली आणि आभाळ आलं. दिल्लीत त्या दिवसांत पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण आला. खाटांवरचं पान वरून वाळलेलं दिसत होतं, देठाशी मात्र ओल होती. शेवंताबाईंनी पाहिलं आणि मनात म्हणाल्या, राशीत निघंल. तंबाखूत निघते. पहिली रास इतकी साधली होती, की त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. रास लावली ती जाड, शेडच्या भिंतीला टेकून. ऊब धरली. हात ठेवला तर छान तापलेली. आता मोडायला हवी होती, पण हात म्हणाला, थांब. वखारीत लहानपणापासून ऐकलेलं होतं: निवली रास, कच्चा माल. तापलेली रास मोडणारा मूर्ख! तंबाखूच्या राशी तशा आठवडे-आठवडे बसतात. आणि पचौलीला लागते ती थोडकी ऊब, कापडाला इस्त्री फिरवावी एवढीच. हे अलकनंदाबाईंनी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. पण शेवंताबाईंचा हात त्यांच्या कानापेक्षा मोठा होता.

रास मोडली तेव्हा भिंतीकडच्या बाजूला पानांवर पांढरी लव आलेली. आत हात घातला तर चिकट, आणि वास तळघराचा.

त्यांनी कांताला पाणी आणायला पिटाळलं आणि तिथंच बसून राहिल्या. मग उठून लव आलेलं सगळं पान निवडून काढलं, उकिरड्यावर टाकलं आणि उरलेलं खाटांवर पसरलं. ते वाळलं. वाळल्यावर चांगलं दिसायला लागलं. वासही सुधारला. निदान तसं वाटलं.

घरी पांडूला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, खराब होतं ते टाकलंस ना? मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईला काय नाकात दुर्बीण हाय?"

"तिच्या नाकाचं न्हाई हो," शेवंताबाई म्हणाल्या, "माझ्या नाकाचं काय करू?"

सकाळी पहिल्या बसनं त्या छतरपूरला गेल्या आणि अलकनंदाबाईंना सगळं सांगितलं. अलकनंदाबाईंनी उरलेलं पान पुन्हा पुन्हा हुंगलं. "फंगस फार नाही वाटत. पहिल्या पानासोबतच टाकू का भांड्यात?"

"न्हाई. निराळं काढायचं. जळण जादा लागंल, लागू द्या. मी लाकडं फोडते."

आणि फोडली. दोन्ही पानांचं तेल वेगवेगळं निघालं. पचौलीला वाफ फार वेळ द्यावी लागते. आधी येतं ते हलकं, हिरव्या उग्र वासाचं, आणि खरं खोल, जड तेल मागून येतं. घाई करून आग विझवली तर ते पानातच राहतं. शेवंताबाई भट्टीपाशी बसून राहिल्या. दोन ॲल्युमिनियमचे कॅन भरले. एकावर शेवंताबाईंनी पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली, पहिल्या राशीची. दुसऱ्यावर काळ्या दोऱ्याची.

आता खरी गंमत ऐका. दोन्ही कॅन सारखेच वास देत होते. दोन्हींतून मातीचा वास येत होता!

तेल विकत घेणार होते श्यामकांत. एका साबण कंपनीत वास बांधणारे, म्हणजे तेलं जुळवून साबणाचा वास ठरवणारे, ओखल्याच्या कारखान्यात बसणारे, अलकनंदाबाईंचे जुने सहकारी. ते कागदाच्या पट्ट्या घेऊन बागेत आले. दोन्ही कॅनमध्ये पट्टी बुडवली, हुंगली, हलवली, पुन्हा हुंगली.

"यार अलका, ही तर जमीन आहे. नांगरलेली. मला हवं गोड."

शेवंताबाईंचा चेहरा उतरला. "माझ्या हातनं बिघडलं, साहेब. दुसरी रास चढली, वाजवीपरीस जास्त तापली."

"थांबा, थांबा. तुमचं बिघडलं असेल, नसेल, ते आज नाही कळणार." श्यामकांत खाटेवर बसले आणि खिशातून दोन बाटल्या काढल्या. माणूस बोलका होता आणि ऐकणारं कुणी भेटलं की खुलायचा. "पचौली स्वतःच मातीची. ताजं तेल नेहमी असंच हिरवं, कडवट, मातकट येतं. कॅनमध्ये मुरलं की त्याचे कोपरे झिजतात आणि गोडवा वर येतो, मनुकांसारखा. लोणचं नाही का मुरत, तसं. आणि शेजार कुणाचा आहे तेही बघावं लागतं. हे पहा."

पांढऱ्या दोऱ्याच्या कॅनमधलंच तेल त्यांनी दोन पट्ट्यांवर लावलं. एका पट्टीजवळ खसची, म्हणजे आपल्या वाळ्याची, पट्टी धरली आणि शेवंताबाईंच्या नाकापुढं हलवली. विहिरीच्या तळाचा गारवा, मुळं, चिखल. मग दुसऱ्या पट्टीजवळ व्हॅनिलाची धरली. शेवंताबाईंनी हुंगलं, मागं सरकल्या आणि परत पुढं झाल्या.

"अगं बया! हे तर चाकलेट."

"तेल एकच. खसनं त्याची माती ओढून वर आणली, व्हॅनिलानं गोडवा. म्हणून एका अत्तरात पचौली शेतासारखी येते आणि दुसऱ्यात मिठाईसारखी. लोक समजतात दोन निराळ्या वस्तू आहेत."

"मग साहेब, बुरशीची माती आन् पानाची माती, दोन्ही मातीच. वळखायची कशी?"

श्यामकांतांनी पट्टी खाली ठेवली. "हा प्रश्न बरोबर विचारलात. आज नाही ओळखता येणार. पानाची माती मुरून गोड होते. बुरशीचा कुबट वास मुरत नाही, उलट बाकीचं शांत झालं की तोच उघडा पडतो. दीडएक वर्षानं येतो. गोड झालं तर दरवर्षी तुमचंच पान, माझा शब्द. नाही झालं तर राम राम, मग मी इंडोनेशियाचंच मागवणार. एक मात्र आहे, एका कॅननं माझं पहिलं काम भागणार नाही. दोन्ही एकत्र करून मुरवलंत तर बरं, एकजीव होईल."

ते गेले आणि अलकनंदाबाई लगेच मोठा कॅन शोधायला उठल्या. त्यांचंही चूक नव्हतं. बागेचा मालक भाडं वाढवून मागत होता, घरचे "नोकरी सोडून शेती करतेय" म्हणून हसत होते, आणि श्यामकांतांच्या शब्दावर सगळं टांगलेलं होतं. दोन्ही तेलांत तर काडीचा फरक नव्हता.

शेवंताबाई कॅनपुढं उभ्या राहिल्या. शब्दशः उभ्या राहिल्या, हात कमरेवर ठेवून.

"ताई, मिसळू नगा."

"शेवंताबाई, दोन्ही सेम आहेत. मी स्वतः स्मेल केलंय."

"आज सेम हायत. माझी रास चढली व्हती, ते मला ठावं हाय. तुमच्या चांगल्या तेलात माझी चूक वतू नगा."

"आणि एका कॅनवर त्यांचं काम भागलं नाही तर? सगळंच जाईल. मग तुमचं काम पण जाईल, समजतंय ना?"

"समजतंय. काम गेलं तर आमच्या ह्यांच्यावर वरडीन आनी काय. पर मिसळू नगा."

अलकनंदाबाई चिडल्या. चिडून शेडबाहेर गेल्या, पेरूखाली येरझाऱ्या घातल्या, परत आल्या. तरी बाई तिथंच. शेवटी त्या हसल्या, रडल्यासारखं हसल्या, आणि म्हणाल्या, "चलो, ठेवा वेगळे. गेलं तर अर्धंच जाईल." हे त्यांनी मान्य केलं, याचंही मला कौतुक वाटतं. मालकाला नोकराचं ऐकणं सोपं असतं जेव्हा नोकर स्वतःची फुशारकी सांगतो. स्वतःची चूक सांगणाऱ्याचं ऐकायला मन मोठं लागतं.

मग वाट पाहणं आलं. हिवाळ्यात धुक्यानं आणि गारठ्यानं बाग झोपली. शेवंताबाईंनी थोडी रोपं पोत्याखाली झाकून जगवली, अलकनंदाबाई गुलाबपाणी आणि खस काढून बाग कशीबशी चालवत राहिल्या. दोन कॅन शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शेजारी शेजारी, गच्च बंद. शेवंताबाई रोज त्यांच्यावरची धूळ पुसायच्या, उघडायच्या मात्र नाहीत. पांडू विचारायचा, "काय म्हणतंय तुझं तेल? मुरलं का?" त्या म्हणायच्या, "तुमास्नी इतकी वर्षं मुरवतेय, तुमी मुरलात का?" पण मस्करी संपली की स्वतःचा हात उलटसुलट करून बघत बसायच्या. पांडूला ते कळायचं. संध्याकाळी तो बँकेतून येताना त्यांच्यासाठी मुद्दाम गरम जिलबी आणायचा आणि बंदुकीच्या वजनाची तक्रार करत बसायचा, म्हणजे त्यांना ओरडायला काहीतरी मिळावं.

मधला पावसाळा जगवलेल्या रोपांची कलमं वाढवण्यातच गेला, आणखी एक हिवाळा सरला, आणि श्यामकांत आले तेव्हा पुन्हा ऊन तापलेलं होतं. पांढऱ्या दोऱ्याचं झाकण उघडलं. पट्टी बुडाली. श्यामकांतांनी ती एकदा नाकाशी नेली आणि अलकनंदाबाईंच्या हातात दिली. त्यांनी हुंगली आणि डोळे मिटले. माती होतीच, पण आता ती तळाशी निवांत बसली होती, आणि वर लाकूड, मनुका, गुळाच्या ढेपेचा गोडवा. शेवंताबाईंना ती पट्टी मिळाली तेव्हा त्यांनी ती पुन्हा पुन्हा हुंगली.

मग काळा दोरा. श्यामकांतांनी पट्टी नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली. सांगायची गरज उरली नाही. बाकीचं सगळं शांत झालं होतं आणि त्यातून तळघर वर आलं होतं. ओली भिंत, कुजकं पोतं.

"मिसळलं असतंत," श्यामकांत हळूच म्हणाले, "तर दोन्ही गेले होते." अलकनंदाबाईंनी शेवंताबाईंना मिठी मारली, भर शेडमध्ये, कांतासमोर. शेवंताबाई अवघडून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सोडा ताई, अंगाला धुरळा हाय."

श्यामकांतांनी एकच कॅन नेला. कंपनीत एका कॅनचं काम म्हणून लोक हसलेही म्हणे, पण पुढच्या हंगामाचं सगळं तेल आपणच घेऊ असं ते सांगून गेले आणि शब्द पाळला. बाग टिकली. एका शेडच्या चार झाल्या, राशींवर बायका आल्या. काळ्या दोऱ्याचं तेल अलकनंदाबाई फेकायला निघाल्या होत्या. शेवंताबाईंनी त्यातलं बरणीभर मागून घेतलं आणि पान सुकवायच्या शेडमध्ये, खाटांच्या वरच्या फळीवर ठेवलं.

ती बरणी तिथंच राहिली. नवी बाई कामाला आली की शेवंताबाई तिला आधी खाटेवर बसवायच्या, चहा द्यायच्या, निपाणीच्या वखारीची बढाई मारायच्या, मुकादम कसे आपल्याला विचारून राशी मोडायचे ते सांगायच्या. आणि ती बाई पुरती भारावली, की बरणीचं झाकण काढून तिच्या नाकाशी धरायच्या. बाई तोंड फिरवायची, म्हणायची, "शी! मावशी, ही कसली माती?"

"माती न्हाई गं," शेवंताबाई म्हणायच्या, "हा माझा शानपणा हाय. चांगला हुंगून ठेव."